रोजची पित्ताची गोळी आणि रक्तात कमी होत जाणाऱ्या तीन गोष्टी

पँटोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल, ईसोमेप्राझोल. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, उपाशीपोटी घेतली जाणारी गोळी बहुधा यांपैकीच एक असते. ठाण्यात कुणी तिला पित्ताची गोळी म्हणतं, कुणी अ‍ॅसिडिटीची, कुणी गॅसची. पुष्कळदा ती दुसऱ्याच कुठल्या औषधाबरोबर घरात आलेली असते. गुडघेदुखीवर पेनकिलर दिली, तिने पोटात जळजळू नये म्हणून जोडीला ही दिली. पेनकिलर पंधरा दिवसांत संपते आणि ही मात्र राहून जाते. खरं तर हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये, पण दुकानात रिकामी पट्टी दाखवली की नवी मिळते. अशी पाच-सहा वर्षं सहज निघून जातात.

इतकी वर्षं ही गोळी चालू राहिली, तर काही जणांच्या शरीरात बी १२, लोह आणि मॅग्नेशियम कमी पडू लागतं. एवढं आता बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, आणि ऐकून ते लगेच एखादी मल्टिव्हिटॅमिनची बाटली आणतात. तिथेच गफलत होते. तिन्ही गोष्टी कमी होण्याची कारणं निरनिराळी आहेत, त्याला लागणारा काळ निरनिराळा आहे, आणि म्हणून त्या भरून काढण्याची रीतही निरनिराळी आहे. पित्ताची गोळी चालू ठेवूनही बी १२ व्यवस्थित भरून काढता येतं. लोहाचं तसं खात्रीने सांगता येत नाही. आणि मॅग्नेशियम कितीही दिलं तरी काही रुग्णांमध्ये ते वर येतच नाही, पित्ताची गोळी थांबवावीच लागते. हा फरक माहीत नसला तर महिनोन्‌महिने चुकीच्या जागी उपचार होत राहतात.

पोटात गेल्यावर गोळी काय करते

जठराच्या आतल्या अस्तरात आम्ल बनवणाऱ्या पेशी असतात. या पेशींत आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात, आणि आपण खायला लागलो की ते कामाला लागतात. गोळी रक्तातून त्या पेशींपर्यंत पोहोचते, चालू असलेल्या पंपाला चिकटते आणि तो कायमचा बंद करते. शरीर नवे पंप बनवेपर्यंत त्या जागी आम्ल तयार होत नाही. म्हणूनच ही गोळी खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगतात. पंप चालू व्हायच्या वेळी ती रक्तात हजर असावी लागते. एका डोसने सगळे पंप बंद होत नाहीत, पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात. आणि गोळी बंद केल्यावरही तो परिणाम ओसरायला काही दिवस जातात.

एरवी उपाशी जठराचा पीएच दीड-दोनच्या आसपास असतो. रोज गोळी घेणाऱ्याचा पीएच दिवसाचा बराच वेळ चारच्या वर राहतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट फरक. दीडवरून साडेचारवर जाणं म्हणजे आम्लाची तीव्रता हजारपट कमी होणं. अल्सर भरून यायला हे फार उपयोगाचं आहे. ही औषधं आल्यापासून अल्सरच्या रक्तस्रावाने होणारे हाल खूप कमी झाले आहेत, आणि त्याबद्दल माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. पण त्या आम्लाकडे पचनाची काही कामंही सोपवलेली आहेत, ती गोळीमुळे अर्धवट राहतात.

बी १२ : साठा मोठा, म्हणून उशिरा कळतं

अन्नातलं बी १२ सुटं नसतं, प्रथिनांना घट्ट चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि आम्लातच काम करणारं पेप्सिन मिळून ते प्रथिनांपासून सोडवतात. पुढे त्याला जठरातूनच स्रवणारा एक वाहक भेटतो, त्याला इन्ट्रिन्सिक फॅक्टर म्हणतात. त्याच्याबरोबर बी १२ लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत जातं आणि तिथून रक्तात शिरतं. गोळीमुळे या प्रवासाची पहिलीच पायरी कच्ची राहते. बी १२ प्रथिनांना चिकटलेलंच राहतं आणि शौचावाटे निघून जातं. वाहक मात्र बहुतांशी शाबूत असतो.

उपचाराची किल्ली या शेवटच्या वाक्यात आहे. औषधाच्या गोळीतलं बी १२ आधीच सुटं असतं. ते कशापासून सोडवायचं नसल्यामुळे आम्ल नसलं तरी अडत नाही. शिवाय मोठ्या डोसमधलं सुमारे एक टक्का बी १२ वाहकाशिवाय, नुसतं झिरपूनही रक्तात जातं. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून अशा रीतीने दहा मायक्रोग्रॅम मिळतं, आणि आपली रोजची गरज आहे दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. म्हणजे पित्ताची गोळी चालू असतानाही बी १२ ची साधी गोळी पुरते. मज्जातंतूंना त्रास सुरू झाला असेल तर सुरुवातीला इंजेक्शनं देतात, कारण तिथे वेळ दवडून चालत नाही.

यकृतात बी १२ चा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, त्यामुळे कमतरता पहिल्या वर्षी सहसा दिसत नाही. हा साठा सगळ्यांचा सारखा नसतो. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी १२ येतं ते बहुतेक दूध, दही आणि पनीरमधून. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. दिवसाकाठी दोन कप चहातलं दूध आणि जेवताना चमचाभर दही एवढ्यावर ज्यांचं भागतं, त्यांचा साठा आधीच काठावर असतो. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ती आतड्याच्या शेवटच्या भागातलं शोषण कमी करते. एक औषध प्रवासाच्या सुरुवातीला अडवतं, दुसरं शेवटाला. ही जोडगोळी माझ्या नौपाड्यातल्या दवाखान्यात रोज समोर येते.

धोका किती मोठा आहे, तेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियातल्या सुमारे २६ हजार बी १२ कमतरतेच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी १२ टक्के लोकांनी ही गोळी दोन वर्षं किंवा जास्त काळ घेतली होती. कमतरता नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण ७.२ टक्के होतं. फरक खरा आहे, पण गोळी घेणाऱ्या प्रत्येकाचं बी १२ घसरतं असा त्याचा अर्थ नाही. ज्यांच्या ताटात मुळातच बी १२ कमी आहे आणि सोबत मेटफॉर्मिन आहे, त्यांनी जास्त जागरूक राहायचं, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

लोह : भाजीतलं आणि मटणातलं वेगळं

लोखंडी कढईत चिंच-गुळाची आमटी केली की ती काळपट होते, साध्या वरणाने तसं होत नाही. आंबटपणा लोखंड विरघळवतो. पोटातही तेच घडावं लागतं. नाचणी, मेथी, अळीव, डाळी यांतलं लोह ज्या रूपात असतं ते सहजी विरघळत नाही. जठरातल्या आम्लाने ते विरघळतं, मग क जीवनसत्त्वाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या एका विकराच्या मदतीने त्याचं रूप बदलतं, आणि तेव्हाच लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग ते घेऊ शकतो. आम्ल नसेल तर विरघळायचं काम अपुरं राहतं. मटण आणि मासळीतल्या लोहाचा एक भाग वेगळ्या रूपात, वेगळ्या वाटेने शोषला जातो, त्याचं आम्लावाचून फारसं अडत नाही. त्यामुळे एकाच घरात, एकच गोळी घेणाऱ्या दोघांपैकी शाकाहारी माणसाचं लोह आधी उतरतं.

याचा एक पुरावा मला फार बोलका वाटतो. हिमोक्रोमॅटोसिस नावाच्या आजारात शरीर गरजेपेक्षा खूप जास्त लोह शोषून घेतं, आणि ते कमी करायला रुग्णांचं रक्त वरचेवर काढावं लागतं. अशा रुग्णांना ही गोळी सुरू केल्यावर वर्षाकाठी काढायचं रक्त बरंच कमी झालं. म्हणजे लोहाचं शोषण खरोखर घटतं, हा नुसता आकडेमोडीतला योगायोग नाही.

लोहाच्या औषधी गोळीचं काय? त्यातलं लोह बहुधा आधीच विरघळणाऱ्या रूपात असतं, म्हणून ते अन्नातल्यापेक्षा बरं शोषलं जातं, पण आम्ल कमी असलं की तेही पूर्ण गुण देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यायचं, चहा पुढे-मागे तासभर टाळायचा, आणि रोज घेण्याऐवजी एक दिवसाआड घ्यायचं. डोस घेतल्यावर पुढचा एक दिवस शरीरच लोहाचं शोषण आवळून धरतं, म्हणून दिवसाआड घेतलेलं लोह अधिक अंगी लागतं. एवढं करून महिनाभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेही वाढलं नाही, तर डोस वाढवत बसण्यात अर्थ नाही. मग शिरेतून लोह देण्याचा विचार करतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं लोह कमी झालं आणि तो पित्ताची गोळी घेत असेल, तर सगळा दोष गोळीवर टाकून मोकळं होता येत नाही. जठरातून किंवा मोठ्या आतड्यातून थेंबथेंब रक्त जात असू शकतं, आणि त्यामागे कधी कर्करोगही असतो. पाळी थांबलेल्या बाईला किंवा कुठल्याही वयाच्या पुरुषाला लोह कमी पडलं, तर रक्त कुठे जातंय का हे आधी शोधायचं. गोळीचा नंबर त्यानंतर.

मॅग्नेशियम : जे कुणी मोजतच नाही

मॅग्नेशियमची गोष्ट या दोघांहून वेगळी आहे. त्याचं मुख्य शोषण जठरातल्या आम्लावर अवलंबून नसतं. आतड्याच्या, विशेषतः मोठ्या आतड्याच्या अस्तरात मॅग्नेशियम आत घेणाऱ्या खास वाहिन्या असतात. ही गोळी दीर्घकाळ घेतल्याने आतड्याच्या आतली आम्लता बदलते आणि त्या वाहिन्यांचं काम मंदावतं, असं सध्या मानलं जातं. लहान आतड्यातून मॅग्नेशियम नुसतं झिरपूनही येत राहतं. एरवी मूत्रपिंडं काटकसर करून लघवीवाटे जाणारं मॅग्नेशियम जवळजवळ थांबवतात, त्यामुळे बहुतेकांचं निभावून जातं. पण ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा फ्युरोसेमाइड, त्यांची मूत्रपिंडं ही काटकसर करू शकत नाहीत. येणं कमी आणि जाणं जास्त, असा दोन्हीकडून फटका बसतो.

मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी याबद्दल अधिकृत इशारा दिला. त्यांच्याकडे आलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांनी गोळी एक वर्षाहून अधिक काळ घेतली होती. सुमारे पाव रुग्णांमध्ये नुसतं मॅग्नेशियम देऊन पातळी सुधारली नाही, पित्ताची गोळी थांबवावी लागली. थांबवल्यावर मात्र साधारण आठवड्यात पातळी ठीक झाली, आणि पुन्हा सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आसपास परत घसरली. सुरू-बंद केल्यावर आकडे असे खाली-वर होतात, तेव्हा कारण ओळखायला फारसं काही उरत नाही.

असं होणं दुर्मिळ आहे. पण बी १२ आणि लोहाच्या कमतरतेने माणूस हळूहळू थकतो, तर मॅग्नेशियम फार उतरलं की फिट येऊ शकते आणि हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने बिघडू शकतात. आणि ते तपासलं जात नाही. आपल्याकडे इलेक्ट्रोलाइट्सची तपासणी लिहिली की रिपोर्टवर सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड येतं. मॅग्नेशियम वेगळं लिहावं लागतं, आणि फुल बॉडी चेकअपच्या लांबलचक पॅकेजातही ते असेलच असं नाही.

पाचपाखाडीच्या काकूंचा रिपोर्ट

आता हे सगळं एका माणसात कसं दिसतं ते पाहू. ही काकू एकाहून अधिक रुग्णांचे तपशील जुळवून उभी केली आहे, म्हणजे कुणाची ओळख पटू नये. वय ६४, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दिवसाला दोन ग्रॅम. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी. आणि सहा वर्षांपासून सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल, तीत पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम आणि डॉम्पेरिडोन ३० मिलिग्रॅम. गुडघे दुखत होते तेव्हा सुरू झालेली. गुडघ्याची औषधं कधीच थांबली होती.

तक्रारी अशा: रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, तळपायांना मुंग्या येतात, डाव्या डोळ्याची पापणी सारखी लवते, आणि ठाणे स्टेशनचा जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. मुंग्या मधुमेहामुळे, गोळे वयामुळे आणि दम वजनामुळे, असं घरातल्यांनी वाटून टाकलं होतं. त्याआधी एका ठिकाणी पोटॅशियम कमी निघालं म्हणून सरबतासारखं औषध दिलं होतं. ते संपलं तरी पोटॅशियम तिथेच.

काकूंनी रिपोर्ट पुढे केला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हिमोग्लोबिन जरा कमी आहे, बाकी सगळं नॉर्मलच्या रकान्यात आहे ना?"

हिमोग्लोबिन १०.४ होतं. त्याखाली एमसीव्ही ८६, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार. तो ८० ते १०० मध्ये असला की नॉर्मल, त्यामुळे शेजारी तारा नव्हता. पण आणखी दोन ओळी खाली आरडीडब्ल्यू १८.५ होता आणि तो साडेचौदाच्या आत असायला हवा.

इथे थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे. लोह कमी पडलं की लाल पेशी लहान होतात, एमसीव्ही ८० च्या खाली जातो. बी १२ कमी पडलं की पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही १०० च्या वर जातो. दोन्ही एकदम कमी पडलं की काही पेशी ७० च्या, काही १०५ च्या, आणि सरासरी छान ८६. सरासरी बघून सगळं ठीक वाटतं. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते आरडीडब्ल्यू सांगतो, म्हणून तोच तेवढा वाढतो. पित्ताची गोळी अनेक वर्षं घेणाऱ्या शाकाहारी माणसाचं हिमोग्लोबिन कमी, एमसीव्ही ठीक आणि आरडीडब्ल्यू वाढलेला दिसला, तर मी बी १२ आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन दोन्ही तपासल्याशिवाय राहत नाही. नुसत्या लोहाच्या किंवा नुसत्या बी १२ च्या उपचाराने असं रक्त अर्धवटच सुधारतं.

पुढच्या तपासण्या आल्या. बी १२ १६८. प्रयोगशाळा दोनशेच्या खाली कमतरता मानतात, आणि दोनशे ते तीनशेच्या मध्ये संशय ठेवून पाहावं लागतं. फेरिटिन ११, म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. मॅग्नेशियम १.१, जे साधारण १.७ ते २.२ असायला हवं. पोटॅशियम ३.२ आणि कॅल्शियम ८.०, दोन्ही कमी.

पोटॅशियमचं औषध लागू का पडलं नव्हतं, ते या एका आकड्याने उलगडलं. मॅग्नेशियम कमी असलं की मूत्रपिंडं पोटॅशियम धरून ठेवत नाहीत, वरून कितीही द्या, लघवीतून जात राहतं. कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइडचं संप्रेरकही मॅग्नेशियमशिवाय नीट स्रवत नाही. आधी मॅग्नेशियम वर आणायचं, मग बाकीचे दोन आपोआप मार्गी लागतात.

दुसरी काळजी डॉम्पेरिडोनची होती. हे औषध काही जणांत हृदयाच्या ठोक्यांमधला विद्युत प्रवाह पूर्वपदावर यायला लागणारा वेळ लांबवतं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम कमी असलं तरी हेच होतं. तिन्ही एकत्र आल्यावर साठीपुढच्या माणसात ठोके बिघडण्याचा धोका खरा असतो. युरोपात २०१४ पासून डॉम्पेरिडोन सहसा एका आठवड्यापुरतंच द्यावं असा नियम आहे. आपल्याकडे ते पित्ताच्या गोळीबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये वर्षानुवर्षं पोटात जातं, आणि अनेकांना आपण ते घेतोय हेही ठाऊक नसतं. पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन नावं दिसली तर डॉक्टरांना जरूर विचारा.

काकूंचा ईसीजी काढला, तो वेळ थोडा लांबलेला दिसलाच. त्यांना एका दिवसासाठी दाखल करून शिरेतून मॅग्नेशियम दिलं. कॅप्सूल त्याच दिवशी बंद केली आणि रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी बदलली. बी १२ ची इंजेक्शनं सुरू झाली. लोहासाठी दिवसाआड गोळी ठरली, पण त्याबरोबर दुर्बिणीने जठर आणि मोठं आतडं दोन्ही तपासून घेतलं. व्रण नव्हता, गाठ नव्हती. ती तपासणी जठरातले हेलिकोबॅक्टर जंतू पाहण्यासाठीही होती, आणि ती कॅप्सूल बंद होऊन दोन आठवडे उलटल्यावर केली, कारण गोळी चालू असताना हे जंतू असूनही न सापडण्याची शक्यता असते.

आठवड्याने मॅग्नेशियम १.८ झालं, पोटॅशियम ४ च्या वर आलं, ते वेगळं औषध न घेता. पोटऱ्यांतले गोळे आणि पापणीचं लवणं दोन आठवड्यांत थांबलं. हिमोग्लोबिन चार महिन्यांत १२.६ झालं. तळपायांच्या मुंग्या कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. त्यातल्या किती बी १२ मुळे होत्या आणि किती मधुमेहामुळे, हे आता वेगळं काढता येत नाही. बी १२ अभावी मज्जातंतू फार काळ तसेच राहिले की ते पूर्णपणे सावरतातच असं नाही.

बंद करताना होणारी जळजळ

काकूंना सगळ्यात अवघड गेला तो बंद केल्यानंतरचा पंधरवडा. "बघा, मला हिची गरज होतीच," असा त्यांचा चौथ्या दिवशी फोन आला.

आम्ल बराच काळ दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवून जठराला आम्ल बनवायला डिवचत राहतं. गोळी असते तोवर त्याचा काही उपयोग होत नाही. ती थांबली की नवे पंप आणि वाढलेलं गॅस्ट्रिन मिळून काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करतात. २००९ च्या एका प्रयोगात पोटाची काहीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी माणसांना घेतलं. अर्ध्यांना आठ आठवडे ईसोमेप्राझोल दिलं, अर्ध्यांना नुसती दिखाऊ गोळी. औषध थांबवल्यावर खरी गोळी घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी असा त्रास झाला. दिखाऊ गोळी घेतलेल्यांत १५ टक्के. ही माणसं आधी धडधाकट होती. म्हणून बंद केल्यावर जळजळलं यावरून जुना आजार शिल्लक आहे असं ठरवता येत नाही. निदान महिनाभर थांबून मगच पाहायचं.

ज्यांना काकूंसारखी घाई नसते, त्यांना मी आधी ४० वरून २० मिलिग्रॅमवर आणते, दोन ते चार आठवड्यांनी दिवसाआड, मग त्रास झाला तरच. मधल्या काळात जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध किंवा रात्री फॅमोटिडीन. फॅमोटिडीन आम्ल कमीच करतं, पण इतकं नाही, आणि मॅग्नेशियम घसरलेल्या रुग्णांना त्यावर आणलं की पातळी सहसा टिकते. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच करणं, याने घशाशी येणाऱ्या आंबट पाण्यात खरोखर फरक पडतो. घोडबंदरहून रोज दादर-अंधेरीला जाणाऱ्यांना ते पहिलं जमणं कठीण आहे हे मला कळतं. त्यांनी निदान रात्रीचं हलकं आणि दुपारचं पोटभर असं करावं.

ज्यांनी स्वतःहून बंद करायची नाही

हृदयात स्टेंट घातल्यावर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असलेले रुग्ण, पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेले, संधिवातामुळे रोज पेनकिलर घ्यावीच लागणारे, अन्ननलिकेला खोल जखमा झालेले किंवा तिच्या अस्तरात बॅरेट नावाचा बदल आढळलेले, यांच्यासाठी ही गोळी जीव वाचवणारी आहे. हा लेख वाचून त्यांनी उद्याची गोळी चुकवू नये.

त्यांनी करायचं ते वेगळं. वर्षातून एकदा सीबीसी, बी १२, फेरिटिन आणि मॅग्नेशियम या चार तपासण्या करायच्या, आणि सीबीसीत हिमोग्लोबिनखालचा आरडीडब्ल्यूही वाचायचा. लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर मॅग्नेशियम आणखी लवकर, पहिल्या काही महिन्यांतच एकदा पाहून घ्यायचं. बी १२ ची तपासणी त्याची गोळी सुरू करण्याआधी करायची, नंतर केली तर रक्तातला आकडा वाढलेला दिसतो आणि मूळ स्थिती कळत नाही. फेरिटिन अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना तपासू नये, कारण तेव्हा ते खोटं वाढतं. बी १२ कमी निघालं तर गोळी घेऊन भागतं. लोह कमी निघालं तर आधी रक्तस्राव शोधायचा, मग महिनाभर तोंडाने लोह घेऊन पाहायचं. मॅग्नेशियम कमी निघालं, तर मात्र पित्ताची गोळी खरंच हवी आहे का, आणि फॅमोटिडीनवर भागेल का, हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवावं लागतं. त्या भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, कात्रीने नावं कापली गेलेल्या अर्ध्यामुर्ध्या नकोत, पूर्ण पट्ट्या.